रात्रीचे पंधरा मिनिट, पाच पायऱ्या

रात्री मोबाइल चार्जिंगला लावून आडवं झालात की दिवसभरातलं एखादं वाक्य डोक्यात फिरायला लागतं. ‘मी असं का बोललो?’ मग कूस बदलायची, पुन्हा मोबाइल उचलायचा आणि विषय संपवायचा. कॅथलिक ख्रिस्ती परंपरेत नेमक्या याच वेळेसाठी एक प्रार्थना आहे. तिचं नाव एक्झॅमेन, म्हणजे दिवसाचं परीक्षण.

ही पद्धत मांडली संत इग्नेशियस लोयोला यांनी. ते मूळचे स्पेनमधले सरदार घराण्यातले. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे त्यांनी जेझुइट संघ स्थापन केला. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाचं. जेझुइट फादर आजही एक्झॅमेन दिवसातून दोनदा करतात, दुपारी आणि रात्री. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

आता एक दिवस घेऊन बघू. समजा, आज तुमच्या ग्रुप प्रोजेक्टची व्हायवा होती. सरांनी विचारलं, ‘सर्व्हे कोणी केला?’ तुम्ही पटकन म्हणालात, ‘आम्ही दोघांनी.’ खरं तर सगळा सर्व्हे मैत्रिणीने एकटीने केला होता. तिने तुमच्याकडे बघितलं, पण ती काही बोलली नाही.

पहिली पायरी, आभार. चुकीपासून सुरुवात करायची नाही. आज काय मिळालं ते देवासमोर आठवायचं, आणि तेही नेमकं. ‘सगळ्यासाठी थँक्स’ चालत नाही. सकाळी बस चुकली तेव्हा कोणीतरी बाइकवर लिफ्ट दिली, डब्यात आवडती भाजी होती, असं एकेक.

दुसरी पायरी, प्रकाश मागणं. स्वतःला फसवण्यात आपण सगळेच हुशार असतो. म्हणून ‘जे जसं घडलं तसं मला दिसू दे’ एवढीच विनंती करायची.

तिसरी पायरी सगळ्यात मोठी. उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने बघायचा. इग्नेशियस क्रमही देतात : आधी विचार, मग शब्द, मग कृती. व्हायवाच्या वेळी विचार काय होता? मार्क जातील याची भीती. शब्द? ‘आम्ही दोघांनी.’ आणि कृती? तिने बघितल्यावरही गप्प राहणं. असं सुटं केलं की कळतं, खोटं एकदाच बोललात, पण ते दुरुस्त करायची संधीसुद्धा सोडलीत.

चौथी पायरी, क्षमा मागणं. इथे सबबी नकोत आणि स्वतःला शिव्याही नकोत. कॅथलिकांसाठी ही क्षमायाचना म्हणजे कन्फेशन नव्हे. गंभीर पापासाठी धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करावंच लागतं.

पाचवी पायरी, उद्याचा निश्चय. ‘उद्यापासून प्रामाणिक राहीन’ हा निश्चय सकाळपर्यंतही टिकत नाही. ‘उद्या पहिल्या लेक्चरआधी तिला सॉरी म्हणेन आणि मग सरांना खरं सांगेन’ हा खरा निश्चय, कारण तो पाळला की नाही हे उद्या रात्री कळतं. मार्क कमी होऊ शकतात, हेही धरून चालायचं. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायची.

एकच सवय पुन्हा पुन्हा नडत असेल, तर इग्नेशियस यांची आणखी एक युक्ती आहे. कागदावर आठवड्याच्या रेघा आखायच्या, रोजच्या दोन. जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग कालच्या ठिपक्यांशी आजचे आणि गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून बघायचा.

पण इथेच गाडी घसरू शकते. खुद्द इग्नेशियस मानरेसा गावी असताना याच फेऱ्यात अडकले होते. कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले आणि जीव देण्याच्या विचारापर्यंत गेले. म्हणूनच आभाराची पहिली पायरी गाळायची नसते. गाडी घसरतेय हे ओळखायचं कसं? परीक्षणानंतर एखादं ठोस काम हाती आलं आणि मन निवलं, तर ठीक चाललंय. माफी मागून झालेली तीच चूक रोज रात्री उगाळली जात असेल, झोप उडत असेल, तर थांबायचं आणि फादरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायचं.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तर ही डायरीसारखी वाटेल. फरक एवढाच की डायरीत आपण स्वतःशी बोलतो. इथे ऐकणारा देव आहे, असं धरून बोलायचं असतं. ‘आम्ही दोघांनी’ हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा उच्चारून बघा. उद्या सरांकडे जायचं की नाही, ते तिथेच ठरतं.