एक दिवा, दोन बटणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिन्याच्या तळाशी एक बटण, माडीवर दुसरं, आणि दोन्हींवर मिळून एकच दिवा. खालून लावायचा, वर जाऊन बंद करायचा. शाळेच्या पुस्तकात पुढे कधीतरी 'एक्सऑर' नावाचं गेट भेटतं, तेव्हा शिक्षक याच दिव्याचं उदाहरण देतात. उदाहरण अगदी नेमकं आहे, पण त्याभोवती काही चुकीच्या समजुती जमलेल्या दिसतात.

पहिली समजूत अशी, की घरातली साधी दोन बटणं एकमेकांना जोडली की हे काम होतं. तसं होत नाही. साधी दोन बटणं एकाच तारेत एकापुढे एक लावली, तर दिवा लागायला दोन्ही चालू असावी लागतात. कोणी वरचं बंद करून गेलं, तर खालचा माणूस अंधारात कितीही खटखट करो, दिवा लागणार नाही. हे झालं 'अँड'. बटणं समांतर जोडली तर कुठलंही एक चालू असलं तरी दिवा लागतो, पण मग खालून लावलेला दिवा वरून विझवता येत नाही. हे 'ऑर'. जिन्यासाठी दोन्ही निरुपयोगी.

मग हवं काय? आपली मागणी एका वाक्यात मांडता येते: दिवा कुठल्याही अवस्थेत असो, दोन्हींपैकी कुठलंही एक बटण हलवलं की ती अवस्था उलटली पाहिजे. बटणाच्या एका स्थितीला ० म्हणू, दुसरीला १. समजा, दोन्ही बटणं ० वर असताना दिवा बंद आहे. तळाचं बटण १ केलं, तर मागणीप्रमाणे दिवा लागलाच पाहिजे. त्याऐवजी माडीवरचं १ केलं, तरीही लागलाच पाहिजे. आता एक आधीच १ असताना दुसरंही १ केलं, तर लागलेला दिवा विझला पाहिजे. चारही शक्यता संपल्या:

| तळाचं बटण | माडीवरचं बटण | दिवा |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| १ | ० | १ |
| ० | १ | १ |
| १ | १ | ० |

हाच एक्सऑरचा तक्ता. दोन स्थिती वेगळ्या तर १, सारख्या तर ०. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, की इथे कोणी आधी एक्सऑर ठरवून मग वायरिंग केलेलं नाही. जिन्याची गरज मांडली आणि तक्ता आपोआप भरत गेला, कुठेही दुसरा पर्याय उरला नाही. निवड फक्त पहिल्या ओळीत होती. तिथे दिवा चालू धरला असता तर सगळी उत्तरं उलटी होऊन 'एक्सनॉर' मिळालं असतं. दोन बटणांपासून एकूण १६ वेगवेगळे तक्ते बनू शकतात. आपली मागणी पुरी करणारे त्यांत फक्त हे दोन आहेत.

आता तारांकडे वळू. या कामासाठी 'टू-वे' बटण लागतं. बाहेरून ते साध्या बटणासारखंच दिसतं, पण साध्या बटणाच्या मागे तार जोडायचे दोन पॉइंट असतात आणि याच्या मागे तीन. मधला पॉइंट कॉमन. तो कधी एका बाजूच्या पॉइंटला जोडलेला असतो, कधी दुसऱ्या. म्हणजे हे बटण वाट बंद करत नाही, फक्त बदलतं. फेजची तार तळाच्या बटणाच्या कॉमनला येते. माडीवरच्या बटणाच्या कॉमनमधून तार दिव्याकडे जाते आणि दिव्याची दुसरी तार न्यूट्रलला. दोन्ही बटणांचे उरलेले पॉइंट दोन तारांनी एकमेकांना जोडतात. एक तार लाल, एक पिवळी धरू.

तळाचं बटण ० वर असताना फेज लाल तारेत सोडतं, १ वर असताना पिवळीत. माडीवरचं बटण ० वर असताना पिवळी तार धरतं आणि १ वर असताना लाल. दोन्ही ० असतील तर फेज लाल तारेत येऊन थांबते, कारण वर पिवळी धरलेली आहे. दिवा बंद. तळाचं १ केलं की फेज पिवळीत येते, वर पिवळीच धरलेली आहे, दिवा लागतो. उरलेल्या दोन ओळी तुम्हीच तपासून पाहा.

यावरून दुसरी समजूत निकालात निघते: 'बटणाची खालची बाजू दाबलेली म्हणजे चालू.' जिन्यात एकट्या बटणाच्या स्थितीला काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो दोन्ही स्थिती मिळून. शिवाय माडीवरच्या बटणावर लाल-पिवळी तारांची अदलाबदल झाली, तर एक्सऑरचं एक्सनॉर होतं आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण कुठलंही बटण हलवलं तरी दिवा बदलतोच.

तिसरी समजूत हुशार मुलांमध्येही आढळते. एक्सऑर म्हणजे 'नेमकं एकच', असं ती पाठ करतात. दोन बटणांपुरतं ते खरं आहे. पण दोन मजल्यांच्या जिन्यात मधल्या मजल्यावर तिसरं बटण लागतं. त्याला चार पॉइंट असतात. ते लाल-पिवळी तारा एक तर सरळ पुढे जाऊ देतं, नाहीतर त्यांची फुली करतं. सरळ म्हणजे ०, फुली म्हणजे १. तिन्ही बटणं १ केली तर काय होईल? पहिल्या दोन १ चं उत्तर ०, आणि मधल्या फुलीने ते उलटतं, म्हणून दिवा लागतो. 'नेमकं एकच' हा नियम इथे फसतो. खरा नियम असा: १ वर असलेल्या बटणांची संख्या विषम असेल तर दिवा चालू, सम असेल तर बंद.

लॉजिक फक्त संगणकाच्या चिपमध्ये असतं, हाही गैरसमजच. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीतल्या प्रबंधात बटणं आणि रिले यांच्या जोडण्या बूलच्या बीजगणितात मांडून दाखवल्या. तेव्हा चिप अस्तित्वातच नव्हती.

शेवटची समजूत मात्र जिवावर बेतू शकते: दिवा बंद आहे म्हणजे बोर्डात करंट नाही. वरची जोडणी पुन्हा बघा. फेज कायम लाल किंवा पिवळी, यांपैकी एका तारेत असतेच, दिवा लागो वा न लागो. ती २३० व्होल्टची असते. म्हणून जिन्याचा बोर्ड मेन स्विच बंद केल्याशिवाय आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनशिवाय उघडायचा नाही.

प्रयोग करायचा असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, तिच्यासोबत ४७० ओहमचा रोध आणि दोन टू-वे बटणं पुरतात. बॅटरीचं धन टोक फेजच्या जागी, ऋण टोक न्यूट्रलच्या जागी, आणि एलईडीचा लांब पाय माडीवरच्या बटणाच्या बाजूला. तक्ता जुळला की लाल तार सोडवा आणि चारही ओळी पुन्हा तपासा. आता एलईडी एकाच ओळीत लागेल, तळाचं १ आणि माडीवरचं ० असताना. पिवळी तार सोडवून लाल परत जोडली, तर ती दुसऱ्याच ओळीत लागेल. कॉमनची तार चुकून बाजूच्या पॉइंटला लागली तरीही चारांपैकी एकच ओळ उरते. 'खालचं बटण अमुक बाजूला असेल तरच वरचं चालतं' अशी तक्रार एखाद्या घरात ऐकू आली, तर दोष बहुधा या दोहोंपैकी एक असतो: दोन मधल्या तारांपैकी एक तुटली आहे, किंवा कॉमनची जागा चुकली आहे.