सूर्यमित्र, वायरमन आणि पाच ओहमची ओळ

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावर सौर पॅनेल बसले की एक कागद भरावा लागतो: काम पूर्ण झाल्याचा अहवाल. ग्राहक क्रमांक, पॅनेलची कंपनी, मॉडेल, इन्व्हर्टरची क्षमता अशा रकान्यांत एक ओळ अर्थिंगची असते. अर्थिंगचा रोध परवानाधारक विद्युत ठेकेदार किंवा पर्यवेक्षकाच्या समक्ष मोजला आणि तो पाच ओहमपेक्षा कमी आढळला, असं तिथे प्रमाणित करायचं असतं. बसवणारी कंपनी आणि ग्राहक दोघेही त्याखाली सही करतात. ग्राहकाला ओहम म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तो सही करतो, कारण अनुदान पुढे सरकायला हवं असतं. तो आकडा खरा आहे की घरबसल्या लिहिलेला, हे फक्त छतावर आणि अंगणात काम केलेल्या तंत्रज्ञाला माहीत असतं.

सौर तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र घ्यायला निघालेल्या मुलांनी ही ओळ आधी वाचावी, असं मला वाटतं. प्रशिक्षण काय शिकवतं, कायदा काय मागतो आणि कंपनी कशाचे पैसे देते, हे तिन्ही या एका ओळीपाशी भेटतं.

आधी प्रमाणपत्राचं. या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं नाव ‘सूर्यमित्र’. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत हा कार्यक्रम 2015-16च्या सुमारास सुरू झाला. मूळ अभ्यासक्रम 600 तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा ट्रेड केलेल्यांसाठी. ग्रीन जॉब्ज सेक्टर कौन्सिलने या कामाचा दर्जा ठरवून दिला आहे आणि राष्ट्रीय कौशल्य चौकटीत तो चौथ्या पातळीवर येतो. याखेरीज आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल) हा एक वर्षाचा ट्रेडही आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळणारे ‘सहभागी झाल्याबद्दल’चे कागद या रांगेत बसत नाहीत, मग त्यांवर शिक्के कितीही असोत. परीक्षा कोणी घेतली आणि कौशल्य पातळी कोणती, या दोन गोष्टी प्रमाणपत्रावर नसतील तर ते भिंतीवर लावायचं.

पण सूर्यमित्र झालेल्या कित्येकांना एक गोष्ट उशिरा कळते. या प्रमाणपत्राने घराच्या वीजजोडणीला हात लावायचा कायदेशीर अधिकार मिळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वीजसंचाचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. महाराष्ट्रात सरकारी कागदावर त्याला तारतंत्री म्हणतात. हे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. कौशल्य परिषदेचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे सूर्यमित्र पॅनेल बसवायला शिकलेला असतो, पण मीटरच्या बाजूला काम करायला आणि चाचणी अहवालावर सही करायला दुसरा माणूस लागतो. छोट्या गावातल्या कंपन्या म्हणूनच दोन्ही कागद असलेला मुलगा शोधत असतात. त्याच्यामुळे एक माणूस वाचतो, हे उघड कारण. आणि सहीसाठी कुणाच्या दारात बसावं लागत नाही, हे जास्त खरं.

आता योजनेची बाजू. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000. तीन किलोवॉटला 78,000, त्यापुढे वाढ नाही. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीशिवाय मंजुरी मिळाली असं धरलं जातं. त्यामुळे सगळा भार मागाहून होणाऱ्या पडताळणीवर येतो, आणि त्या पडताळणीला लागणारी माहिती तंत्रज्ञच गोळा करतो. अनुदानासाठी पॅनेल तर भारतात बनलेलं लागतंच, त्यातले सेलही भारतात बनलेले लागतात. पॅनेलचा अनुक्रमांक मागच्या स्टिकरवर असतो. पॅनेल सांगाड्यावर चढवून क्लॅम्प आवळल्यावर तो स्टिकर सहज दिसत नाही. म्हणून जाणता माणूस पेटी उघडल्यावर पहिल्यांदा मोबाइल काढतो, प्रत्येक स्टिकरचा फोटो घेतो आणि मगच पाना हातात धरतो. हे न केलेल्यांना नंतर पॅनेलखाली पाठीवर सरपटत जाऊन आकडे वाचताना मी पाहिलं आहे. एक अंक चुकला तरी ग्राहकाचं प्रकरण अडकू शकतं, आणि ग्राहक फोन कंपनीला करतो.

परत अर्थिंगकडे. सौर संचाला डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि वीजरोधकाचं अशी वेगवेगळी अर्थिंग करण्याची रीत आहे. वीजरोधकाचं तर वेगळंच हवं. प्रत्येकासाठी जमिनीत तांब्याचा मुलामा असलेला दांडा ठोकतात. समजा, दांडा तीन मीटर लांब आणि 17 मिलिमीटर जाड आहे. रोध दोन गोष्टींवर ठरतो: दांड्याची मापं आणि मातीची रोधकता. मापं कायम ठेवून हिशेब केला, तर भिजलेल्या काळ्या मातीत, जिथे रोधकता दहा ओहम-मीटरच्या आसपास असते, रोध सुमारे 3.3 ओहम येतो. तोच दांडा शंभर ओहम-मीटरच्या मुरमाड जमिनीत ठोकला तर 33 ओहम. दांडा तोच, ठोकणारा हात तोच, पण काळ्या रानात पास आणि मुरमाड माळावर नापास, तेही सहापटीहून अधिक फरकाने. कोकणातल्या जांभ्यावर किंवा वर बेसॉल्ट असलेल्या सह्याद्रीच्या उतारावर तर याहून वाईट आकडे येतात.

म्हणून एखाद्या कंपनीच्या सगळ्या अहवालांत, गाव कुठलंही असो, अर्थिंग ‘2.8 ओहम’ दिसलं तर समजावं की मोजणी झालेली नाही.

मोजायचं कसं, हे सूर्यमित्राच्या अभ्यासक्रमात असतं. अर्थ टेस्टरची एक तार दांड्याला जोडायची, दुसरी लांब ठोकलेल्या खुंटीला आणि तिसरी त्या दोहोंच्या मधल्या खुंटीला, दांड्यापासून एकूण अंतराच्या साधारण 62 टक्क्यांवर. मग मधली खुंटी थोडी पुढे-मागे सरकवून पुन्हा वाचायचं. आकडा जवळपास तोच राहिला तर मोजणी बरोबर. सरकला की आकडाही सरकत असेल तर लांबची खुंटी फार जवळ आहे. अडचण अशी की पेठेतल्या वाड्याला वीस-तीस मीटर मोकळी जमीन नसते. चांगला तंत्रज्ञ अशा वेळी गल्लीच्या कडेने तारा नेतो. वाईट तंत्रज्ञ ‘2.8’ लिहितो.

आणि 33 ओहम आलेच तर? दांड्याभोवती बेंटोनाइटचं मिश्रण भरायचं, खोल जायचं, किंवा दुसरा-तिसरा दांडा ठोकून सगळे जोडायचे. दोन दांड्यांतलं अंतर दांड्याच्या लांबीच्या दुप्पट हवं. जवळजवळ ठोकले तर दोघांचा फायदा एकासारखाच होतो. शिवाय जुलैत घेतलेला आकडा मे महिन्यात टिकत नाही, कारण माती वाळते. पावसाळ्यात जेमतेम 4.8 आला तर तो नापासच धरावा, असं माझं मत आहे. नियम तसं म्हणत नाही.

कंपन्या मुलाखतीत हे क्वचितच विचारतात. त्या एक तार, दोन कनेक्टर आणि क्रिंपिंगचा पाना पुढे ठेवतात. छतावरचं काम बिघडतं ते बहुतेक इथेच. सौर तारेच्या टोकाला धातूची पिन योग्य पान्याने दाबायची असते. काही जण ती पक्कडीने चेपतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण सैल पिनेतून भर दुपारी बारा-तेरा अँपिअर वाहायला लागले की ती तापते, प्लॅस्टिक वितळतं. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी कनेक्टर जोडणं ही दुसरी वाईट सवय; ते एकमेकांत बसतात म्हणून जुळतात असं नाही. डीसी प्रवाह घरातल्या एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, ताणत राहते. दारातली पट्टी ओढून काढण्याची सवय असलेल्या जुन्या वायरमनला हे नव्याने शिकावं लागतं. सूर्यमित्र तिथे त्याच्या पुढे असतो.

नोंदणीकृत कंपनीला पाच वर्षं देखभाल करून द्यावी लागते. त्यामुळे ज्याला दोष शोधता येतो, त्याची किंमत बसवणाऱ्यापेक्षा जास्त. नेहमीचं उदाहरण: जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी इन्व्हर्टर आयसोलेशन फॉल्ट दाखवून बंद राहतो आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप सुरू होतो. ग्राहकाला वाटतं, बिघाड गेला. तो गेलेला नसतो. कुठेतरी तारेचं आवरण सोललेलं आहे आणि ओल असेपर्यंत वीज सांगाड्यात उतरते आहे.

समजा, तीन किलोवॉटच्या संचात 540 वॉटचे सहा पॅनेल एका माळेत आहेत आणि प्रत्येकाचा खुला दाब 50 व्होल्टच्या आसपास. तंत्रज्ञ सकाळी ओल असतानाच येतो, इन्व्हर्टरकडचा डीसी स्विच बंद करून माळ सोडवतो. दोन टोकांत 300 व्होल्ट भरतात. मग तो धन टोक आणि अर्थिंग यांच्यात मोजतो: 100. ऋण टोक आणि अर्थिंग यांच्यात: 200. माळ निकोप असती तर अर्थिंगच्या सापेक्ष हे आकडे स्थिर राहिले नसते, हळूहळू शून्याकडे घसरले असते. इथे ते स्थिर आहेत आणि त्यांची बेरीज 300 भरते, म्हणजे जमिनीला स्पर्श नक्की आहे. धन टोकाकडून 100 व्होल्ट म्हणजे दोन पॅनेल. दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मधल्या तारेवर. हातमोजे घालून तिथे हात घातला की बहुतेक वेळा सांगाड्याच्या धारदार कडेवर घासलेली, टाय न बांधलेली तार सापडते. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमातला मल्टिमीटरचा तास लक्ष देऊन केला असेल तर सगळी तपासणी पंधरा मिनिटांत होते. नाहीतर सहाही पॅनेल उतरवून दिवस जातो, आणि शेवाळलेल्या स्लॅबवर सेफ्टी बेल्टशिवाय चढणारेही याच दिवशी घसरतात.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन बघायचं ते हेच: अर्थ टेस्टर आणि मेगर कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातांत, छताची प्रतिकृती आहे का, आणि मास्तर स्वतः मुद्दाम दोष घालून तो शोधायला लावतात का. शिकून झाल्यावर वायरमन परवान्याच्या अर्जासाठी मात्र वेगळ्या रांगेत उभं राहायचं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड झालेल्यांना ती वाट सोपी जाते, म्हणून ते कागद सूर्यमित्राच्या प्रमाणपत्राबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावेत. कंपनी दोन्ही मागते.