गवताची किंमत

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गेम पीसीवर २०१५ मध्ये आला. त्याच्या ग्राफिक्स मेनूत गवताच्या दर्जासाठी नॉर्मल, हाय, व्हेरी हाय आणि अल्ट्रा अशा चार पायऱ्या आहेत. लॉस सांतोस शहरातल्या एखाद्या चौकात पहिल्या आणि शेवटच्या पायरीचा स्क्रीनशॉट काढला, तर दोन चित्रांत फरक शोधत बसावं लागतं. एफपीएसचा आकडाही फारसा हलत नाही. त्यावरून कुणी ‘अल्ट्रा फुकटात मिळतं’ असं ठरवलं, तर शहराबाहेर पडताच त्याची फजिती होते.

शहरात गवतच नाही, मग त्याचा भार येणार कुठून? ब्लेन काउंटीतल्या माळावर मात्र पातं न् पातं कार्डाला रंगवावं लागतं. वरच्या पायऱ्यांवर गवत दाट होतं आणि त्याला सावल्याही मिळतात. त्यात कडा गुळगुळीत करणारं ‘एमएसएए’ चालू असेल, तर ओझं आणखी वाढतं. म्हणून तुलना करायची ती त्या सेटिंगला घाम फुटेल अशाच जागी. जागा, कॅमेरा, हवामान आणि गेममधली वेळ तीच ठेवायची आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. चित्र पीएनजीमध्ये साठवून मूळ आकारात पाहायचं; जेपीजीच्या दाबणीत बारीक पाती आधीच विरघळतात.

हिशेब मात्र एफपीएसपेक्षा मिलिसेकंदात केलेला बरा. समजा, अल्ट्रा गवताला प्रत्येक फ्रेममागे ४ मिलिसेकंद जास्त लागतात. ६० एफपीएसला एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, ती २०.७ झाली की वेग ४८ वर येतो. तेच ओझं १२० एफपीएसच्या मशीनवर पडलं तर वेग ८१ च्या आसपास उतरतो. म्हणजे ‘बारा फ्रेम गेल्या’ हे दुसऱ्याच्या मशीनवरचं वाक्य आपल्या कामाचं नाही.

टेक्स्चरची गोष्ट उलटी. ते वाढवल्यावर भिंती, रस्ते, कपडे लगेच खुलतात आणि ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत सगळं मावत असेल तोवर वेग जवळपास तोच राहतो. या गेमच्या मेनूत मेमरी किती लागेल याची पट्टीच दिसते. ती मर्यादा ओलांडली की भरधाव गाडी चालवताना चित्र अडखळू लागतं. स्क्रीनशॉटला याचा पत्ताही नसतो, कारण तो थांबलेला क्षण आहे आणि कोपऱ्यातला एफपीएस बहुधा त्याच्या आसपासच्या क्षणांपुरताच. दूरच्या तारांची चमचम, अचानक उगवणारी झुडपं हीसुद्धा हालचालीतच दिसतात.

त्यामुळे जोडीच्या चित्रांनंतर त्याच माळावरून त्याच वाटेने मिनिटभर गाडी हाकावी आणि सरासरीबरोबर सर्वांत संथ १ टक्का फ्रेमही पाहाव्यात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर ६० च्या काठावर चालणाऱ्या मशीनला गवत अल्ट्रावरून हायवर आणणं सहसा परवडतं. टेक्स्चरला हात लावायची वेळ मेमरी भरल्यावरच येते.