सोब्रेमेसा : जेवण संपतं, पंगत उठत नाही

स्पेनमध्ये रविवारचं दुपारचं जेवण दोन-अडीचला सुरू होतं. गोड खाऊन झालं तरी कोणी उठत नाही. कॉफी येते, एखाद्या घरी ओरूहो किंवा पाचारान या मद्याचे छोटे पेले येतात. पावाचा चुरा टेबलावर तसाच पडलेला, आणि गप्पा पाच-साडेपाचपर्यंत. या बसण्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. (पोर्तुगीजमध्ये मात्र हाच शब्द जेवणानंतरच्या गोड पदार्थाला वापरतात, तेव्हा लिस्बनमध्ये जरा जपून.)

विषय रंगला म्हणून मंडळी थांबली, तर तो योगायोग. इथे थांबणं गृहीतच धरलेलं असतं. हॉटेलात मागितल्याशिवाय वेटर सहसा बिल आणत नाही. न मागता आणलं, तर ‘उठा आता’ असाच अर्थ निघतो. शेवटचा घास गिळून लगेच निघणाऱ्या पाहुण्याला काहीतरी कारण सांगावं लागतं. टीव्हीवर दुपारच्या बातम्यांनंतरच्या वेळेलाही हेच नाव आहे.

कामाच्या दिवशी हे सगळं एका कॉफीवर आटोपतं. गर्दीच्या रेस्टॉरंटांत हल्ली टेबल ठरावीक वेळेपुरतंच मिळतं. मग मंडळी शेजारच्या बारमध्ये जाऊन बसतात.