तीस ग्रॅम भुकटी, दहा लाख गोळ्या

अकोल्याच्या डाळमिलीतला कामगार तोंडाला दुपट्टा बांधतो आणि संध्याकाळी कपडे झटकून घरी जातो. ती धूळ निदान डोळ्यांना दिसते. औषध कारखान्यात अशाही भुकट्या असतात, ज्या दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आशाताईंच्या पिशवीतली माला-एन गोळी घ्या. तिच्यात इथिनिल इस्ट्राडिऑल हे संप्रेरक असते फक्त 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे 10 लाख गोळ्यांना ते लागते अवघे 30 ग्रॅम. वजन करताना चिमूटभर, समजा 300 मिलिग्रॅम सांडले, तर 10 हजार गोळ्यांचे औषध जमिनीवर आले! 1976 मध्ये पोर्तो रिकोतल्या अशाच गोळ्यांच्या कारखान्यात तपासणी झाली. 25 पुरुषांपैकी 5 जणांत इस्ट्रोजेन संप्रेरक शरीरात वाढल्याची लक्षणे सापडली. पुरुषांची छाती वाढणे हे त्यातले ठळक लक्षण. 30 बायकांपैकी 12 जणींनाही त्रास झाला होता, पाळी नसताना रक्तस्राव होण्यासारखा.

म्हणून हवेत किती भुकटी चालेल यावरून कंपन्या औषधांचे सहसा पाच गट पाडतात. गटांच्या सीमा कंपनीगणिक थोड्या बदलतात, पण पाचव्या, सर्वांत कडक गटात एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमी भुकटी चालते. हे किती कमी? पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, चार मीटर उंच खोलीत मिठाचे दोन बारीक खडे कुटून हवेत उडवले, की मर्यादा संपली. नव्या औषधाची पुरेशी माहिती नसेल, तर ते वरच्या गटातच धरतात. तेच शहाणपणाचे.

एवढ्या कमी धुळीसाठी मास्कवर विसंबता येत नाही. भुकटीच कोंडावी लागते. त्यासाठी आयसोलेटर, म्हणजे काचेचा दर्शनी भाग असलेली स्टीलची बंद पेटी. आतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे फट पडलीच तर खोलीतली हवा आत ओढली जाते. कामगार पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून आत वजन करतो.

खरा कच्चा दुवा तो हातमोजाच. बोटाच्या टोकाशी सुईएवढे छिद्र डोळ्यांना सापडत नाही. म्हणून मोज्यात हवा भरून तोंड बंद करतात आणि दाब उतरतो का ते पाहतात.

पेटी कामाची आहे का, हे ठरवायला औषधाऐवजी लॅक्टोज वापरतात. दुधातली ही साखर निरुपद्रवी, पण अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजता येते. कामगाराच्या कॉलरजवळ छोटा पंप लावून हवा गाळतात आणि गाळणीवर किती लॅक्टोज आले ते तपासतात. पोते फोडणे, वजन, साफसफाई असे रोजचे सगळे काम करत ही चाचणी घ्यावी लागते, कारण स्वच्छ आकडा देणारी पेटी रिकामी पिशवी बाहेर काढताना गळू शकते.

भुकटी बाहेर आलीच, तर पंख्याने शुद्ध हवा देणारे शिरस्त्राण आणि पूर्ण सूट असतो. पण सूट उतरवतानाच त्यावरची भुकटी उडते. म्हणून आधी कामगाराला बारीक तुषारांच्या फवाऱ्याखाली उभे करून सूट ओला करतात आणि मगच चेन उघडतात.