क्रीडा आणि औषधे : लेखांक सहावा
सर्दीची गोळी आणि सुवर्णपदकाचा निवाडा

गेल्या लेखांकात, स्पर्धा आटोपल्यावर खेळाडूच्या मूत्राचा नमुना कोणत्या रीतीने घेतात, तो दोन बाटल्यांत मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे कसा रवाना होतो आणि तेथे त्याची तपासणी कशी होते, याचा विचार आपण केला. आज विचार करावयाचा तो अशा एका द्रव्याचा, की जे गुप्तपणे, चढ्या भावाने मिळवावे लागत नाही. घरोघरी नाक चोंदले असता जी गोळी पाण्याबरोबर घेतली जाते, तिच्यातच ते असू शकते. त्या द्रव्याचे नाव स्यूडोएफेड्रिन, आणि त्याचे ज्येष्ठ भावंड म्हणजे एफेड्रिन.

२००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये २१ सप्टेंबर रोजी आंद्रेआ रादुकान या रुमानियाच्या सोळा वर्षांच्या मुलीने महिलांच्या जिम्नॅस्टिक्समधील सर्वांगीण स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. तिला सर्दी झाली होती, आणि संघाबरोबर असलेल्या डॉक्टरांनी तिला न्यूरोफेन कोल्ड अँड फ्लू हे औषध दिले होते. ते दुकानात सहज मिळणारे औषध असून त्यात वेदनाशामक आयब्युप्रोफेनच्या जोडीला स्यूडोएफेड्रिन असते. स्पर्धेनंतरच्या तपासणीत तिच्या मूत्रात ते सापडले, आणि २६ सप्टेंबर रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिचे पदक काढून घेतले. तिने क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली. ती दोनच दिवसांत, २८ सप्टेंबरला, फेटाळली गेली. सुवर्णपदक तिचीच सहकारी सिमोना अमानार हिच्याकडे गेले. सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचे रौप्य ही रादुकानची पदके मात्र कायम राहिली, आणि ज्यांनी औषध दिले त्या डॉक्टरांना पुढील दोन ऑलिंपिकांपासून दूर ठेवण्यात आले.

या हकिकतीचा उलगडा होण्यासाठी ही गोळी शरीरात काय करते, ते प्रथम पाहिले पाहिजे. सर्दीत नाक चोंदते ते केवळ शेंबडाने नव्हे. नाकाच्या आतील श्लेष्मल त्वचेतील रक्तवाहिन्या रक्ताने फुगून हवेचा मार्ग अडवितात, हे त्याचे मुख्य कारण होय. या रक्तवाहिन्यांवर अनुकंपी मज्जातंतूंची हुकमत चालते, आणि या तंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनालिन नावाचे द्रव्य साठविलेले असते. स्यूडोएफेड्रिन त्या टोकांत शिरून हा साठा बाहेर काढते; बाहेर पडलेल्या नॉरअ‍ॅड्रिनालिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज उतरते आणि श्वास मोकळा होतो. परंतु पोटात घेतलेली गोळी केवळ नाकापुरती थांबत नाही. रक्तावाटे ती सर्व देहभर फिरते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढू शकतात, रक्तदाब चढतो, झोप उडते आणि मनाला एक प्रकारची तरतरी वाटते. संकटसमयी शरीर स्वतः होऊन जी सिद्धता करते, तिचाच हा एक सौम्य आणि कृत्रिम आविष्कार आहे.

एफेड्रिनच्या रेणूत अणू तेच आणि तितकेच. भेद आहे तो एका ठिकाणच्या त्यांच्या मांडणीचा. परंतु एवढ्या भेदानेच त्याचा प्रभाव पुष्कळ बळावतो. नॉरअ‍ॅड्रिनालिनचा साठा मोकळा करण्याखेरीज ते हृदयाच्या आणि श्वासनलिकांच्या ग्राहकांवर स्वतःही कार्य करते, आणि मेंदूत अधिक प्रमाणात पोहोचते. म्हणूनच एके काळी दम्यावर ते सर्रास दिले जात असे; आणि म्हणूनच १९७२ साली म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये रिक डेमाँट या अमेरिकन जलतरणपटूला, दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळे, ४०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक गमवावे लागले. आपण हे औषध घेतो हे त्याने आपल्या संघाच्या कागदपत्रांत नमूद केले होते. परंतु ते ज्यांच्यापर्यंत पोहोचवावयाचे त्या ऑलिंपिक समितीपर्यंत संघाच्या अधिकाऱ्यांनी पोहोचविले नाही.

आता प्रश्न उरतो तो मापाचा. ही दोन्ही द्रव्ये औषधांत असल्याने केवळ ती सापडली एवढ्यावरून खेळाडूला दोषी ठरवीत नाहीत. मूत्रातील त्यांचे प्रमाण ठरीव मर्यादेपलीकडे गेले, तरच गुन्हा घडतो. प्रयोगशाळा हे प्रमाण मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मांडते. लिटरमागे मिलिग्रॅम म्हटले तरी आकडा तोच येतो, म्हणून सोयीसाठी तेच माप येथे घेऊ. सिडनीच्या वेळी स्यूडोएफेड्रिनची मर्यादा लिटरमागे २५ मिलिग्रॅम होती आणि रादुकानच्या नमुन्यात ९०.६ भरले. मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक असा हा आकडा प्रथमदर्शनी मोठ्या कसुरीचा वाटतो. परंतु एवढ्यावरून अनुमान काढण्यापूर्वी थोडे गणित केले पाहिजे.

स्यूडोएफेड्रिनचा बहुतेक भाग, म्हणजे साधारण सत्तर ते नव्वद टक्के, शरीरात फारसा न बदलता मूत्रावाटे बाहेर पडतो. न्यूरोफेन कोल्ड अँड फ्लूच्या एका गोळीत ते ३० मिलिग्रॅम असते. त्यांपैकी २४ मिलिग्रॅम बाहेर पडले असे धरू. ते जर एक लिटर मूत्रात पसरले, तर प्रमाण २४ होईल, म्हणजे त्या काळच्या मर्यादेच्या आत. परंतु घाम गाळलेल्या, पाणी थोडे प्यालेल्या खेळाडूच्या बाबतीत तेच जर ३०० मिलिलिटरांत उतरले, तर प्रमाण ८० होईल, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक. गोळी तीच, देहात गेलेले द्रव्यही तेवढेच; निकाल मात्र पाण्यावर अवलंबून! याहूनही सूक्ष्म कारण मूत्राच्या आम्लतेत आहे. हे द्रव्य अल्कधर्मी असल्याने आम्ल मूत्रात ते झपाट्याने बाहेर टाकले जाते, आणि मूत्र अल्कधर्मी असल्यास मूत्रपिंडातून पुन्हा रक्तात शोषले जाऊन देहात रेंगाळते. शरीरातील साठा निम्मा होण्यास सर्वसाधारणपणे पाच ते आठ तास लागतात; मूत्र अल्कधर्मी असता हा काळ याच्या दुपटीवरही जाऊ शकतो. मूत्रातील आकडा खेळाडूने किती घेतले आणि कोणत्या हेतूने घेतले, याचा खरा साक्षीदार होऊ शकत नाही, तो याच कारणामुळे.

लवादापुढे रादुकानच्या वकिलांनी तिच्या कोवळ्या वयाचा आणि जेमतेम ३७ किलो वजनाचा मुद्दा मांडला, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध तिने विश्वासाने घेतले हेही सांगितले. लवादाने तिच्या हेतूबद्दल शंका घेतली नाही. परंतु निषिद्ध द्रव्य मर्यादेपलीकडे सापडले की गुन्हा सिद्ध होतो, मग ते देहात कोणाच्या हातून आणि कोणत्या सबबीने गेले याची चौकशी निकाल बदलू शकत नाही, हे तत्त्व त्याने कायम केले. हे तत्त्व कठोर आहे. तथापि ते सोडावे, तर प्रत्येक दोषी खेळाडू डॉक्टरांकडे बोट दाखवील आणि नियमच निष्प्राण होईल, ही अडचणही खोटी नाही. माझ्या मते चूक होती ती तत्त्वात नव्हे, मापात होती. एका गोळीनेही ओलांडता येईल इतकी ती मर्यादा खाली ठेवलेली होती.

पुढे काळाने हे मान्य केले. २००४ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजेच वाडाने, स्यूडोएफेड्रिन निषिद्ध यादीतून काढले आणि केवळ निरीक्षणाखाली ठेवले. परंतु त्या वर्षांत मोठ्या प्रमाणांचे नमुने वाढत गेले. आणि किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या धावपटूला एकदम १५० मिलिग्रॅम, एवढी मात्रा दिल्यास १५०० मीटरच्या शर्यतीतील वेळ सुमारे दोन टक्क्यांनी सुधारतो, असेही एका प्रयोगात दिसून आले. सबब २०१० सालापासून ते पुन्हा निषिद्ध झाले. मर्यादा मात्र १५० ठरली. एफेड्रिनची मर्यादा १० च आहे. या मापाने पाहता रादुकानचा ९०.६ हा आकडा आज निर्दोष ठरला असता.

तरीही १५० ही मर्यादा सर्वांना सर्व काळ अभय देते, असे समजू नये. स्यूडोएफेड्रिनची दिवसाची कमाल मात्रा २४० मिलिग्रॅम. तिच्यातील १९२ मिलिग्रॅम जर सव्वा लिटर मूत्रात उतरले, तर प्रमाण १५० च्या वर जाते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा आइस हॉकीपटू निक्लास बॅकस्ट्रॉम याच्या नमुन्यात १९० आढळले. त्याने अ‍ॅलर्जीसाठी नेहमीची झायर्टेक-डी ही गोळी घेतली होती, आणि संघाच्या डॉक्टरांना ते ठाऊक होते. कॅनडाविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी अवघे काही तास असताना त्याला बाजूस सारण्यात आले. त्याचे रौप्यपदक मागाहून त्याला मिळाले, पण सामना मिळाला नाही.

नावावर विसंबण्याचा धोका याहूनही जुना आहे. १९९५ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत कॅनडाच्या नौकानयनपटू सिल्कन लॉमन यांनी बेनाड्रिल घेण्यास हरकत नाही असे समजून जे बेनाड्रिल घेतले, ते स्यूडोएफेड्रिन असलेले निघाले. आणि त्यांच्याबरोबर नावेतील सहकाऱ्यांचेही सुवर्णपदक गेले. साधे झायर्टेक म्हणजे केवळ सेटिरिझिन, आणि त्यास खेळाडूला मुभा आहे. नावापुढे एक 'डी' लागला, की त्यात स्यूडोएफेड्रिन आले. आपल्याकडच्या सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत आता फेनिलेफ्रिन असते आणि ते निषिद्ध नाही. परंतु सर्वच गोळ्यांत तेच असेल, असे मात्र नाही.

म्हणून खेळाडूंना, त्यांच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती अशी की, दुकानदाराने दिलेल्या गोळीचे नाव न पाहता वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. बंदी स्पर्धाकाळापुरती असते, आणि तो काळ नियमाप्रमाणे आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. त्या सुमारास स्यूडोएफेड्रिन घेऊच नये. ते घेतले असल्यास स्पर्धेपूर्वी निदान चोवीस तास बंद ठेवावे, असा वाडाचा सल्ला आहे. सहा तासांत निम्मे या हिशेबाने एवढ्या अवधीत देहात सोळावा भाग उरतो. पण बारा तासांत निम्मे होणाऱ्याच्या देहात चौथा भाग शिल्लक असतो, म्हणून मुदत याहून लांब ठेवणे शहाणपणाचे. नाक मोकळे करण्यासाठी मिठाच्या पाण्याचे किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब वापरण्यास मनाई नाही. आणि खरोखरीच औषधावाचून चालत नसेल, तर उपचारार्थ सवलतीचा अर्ज स्पर्धेपूर्वी करावा. पदक मिळाल्यानंतर दिलेली कैफियत, ती कितीही खरी असली, तरी पदक वाचवीलच असे नाही.