निळ्यांची सर्व्हिस आता कोणाची?

शाळेच्या स्पर्धेत मी अधूनमधून गुण लिहायला बसते. गॅलरीतून सगळ्यात जास्त ओरड होते ती मुलींच्या दुहेरीत, आणि ती बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. ‘अहो, आत्ता तर माझ्या मुलीने सर्व्हिस केली होती, मग परत तीच का?’ किंवा याच्या उलट, ‘तिच्या पार्टनरला कशी काय दिली?’ अंपायरचं बहुधा बरोबरच असतं. पण आईबाबांच्या डोक्यात त्यांच्या लहानपणचं बॅडमिंटन असतं, आणि तो हिशोब आता राहिलेला नाही.

जुना हिशोब आधी आठवू. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण नाही, फक्त सर्व्हिस मिळायची. दुहेरीत तर एका जोडीकडे सर्व्हिस आली की बहुतेक वेळा दोघींनाही सर्व्हिस करायची संधी असायची, त्यामुळे अर्धा तास खेळूनही फळ्यावर चार-तीन असंच दिसायचं. प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली ऑल इंग्लंडचा अंतिम सामना लिएम स्वी किंगविरुद्ध १५-३, १५-१० असा जिंकला तो याच पद्धतीत. त्या आकड्यांवरून प्रत्यक्षात किती रॅली झाल्या हे आपल्याला कळत नाही. २००६ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला एक गुण ही पद्धत आणली. सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण. गेम २१ गुणांचा, आणि तीनपैकी दोन गेम जिंकेल त्याचा सामना. आता फळ्यावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजेच झालेल्या रॅलींची संख्या. २०१७ च्या ग्लासगोतल्या जागतिक अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधू ओकुहाराकडून १९-२१, २२-२०, २०-२२ अशी हरली. बेरीज केली की कळतं, दोघी १२४ रॅली लढल्या.

याचा मुलांवर होणारा परिणाम लक्षात ठेवा. सर्व्हिस जाळ्यात मारली की पूर्वी फक्त सर्व्हिस जायची, आता थेट गुण जातो. नवख्या मुलांचे गुण सर्व्हिसमध्येच किती जातात हे मी माझ्या कागदावर पाहते. टेनिससारखा सर्व्हिसचा जोर इथे नसतो. शटल खालून वर मारावं लागतं, त्यामुळे पहिला जोराचा फटका मारायची संधी बहुधा समोरच्याला मिळते. म्हणून मुलाने सर्व्हिस छोटी आणि जाळ्याला लागून टाकली तर ‘जोरात मार ना!’ असं ओरडू नका, तो बरोबरच करतोय.

आता सर्व्हिस कुठून करायची ते. ही खूण फळ्यावरच असते. सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील, म्हणजे ०, २, ४, तर तो स्वतःच्या उजव्या चौकोनातून करतो. विषम असतील तर डाव्यातून. समोरचा तिरपा उभा असतो. एकेरीत एवढं पुरतं. अंपायर गुण सांगताना सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी सांगतो, त्यामुळे ‘सर्व्हिस ओव्हर’ ऐकल्यावर येणारा पहिला आकडा नव्या सर्व्हिसवाल्याचा.

दुहेरीत गोंधळ होतो तो इथेच, म्हणून एक गेम हळूहळू पाहू. निळ्या जोडीत चष्मेवाली उजवीकडे, उंच मुलगी डावीकडे. लाल जोडीत दोन वेण्यांची उजवीकडे, बॉबकट डावीकडे. ०-० वर चष्मेवाली उजवीकडून दोन वेण्यांच्या मुलीला सर्व्हिस करते आणि निळ्या रॅली जिंकतात. १-०. आता निळ्या मुली आपापसात जागा बदलतात, आणि चष्मेवालीच डावीकडून बॉबकटला सर्व्हिस करते. लाल मुली जागच्या हलत नाहीत.

ही रॅली लाल जिंकतात. १-१. गुण लालचा, सर्व्हिसही लालकडे. पण इथे कोणीही जागा बदलत नाही. लालचा गुण १, विषम, म्हणजे डाव्या चौकोनात जी उभी आहे तीच सर्व्हिस करणार: बॉबकट. तिची सर्व्हिस तिरपी समोर चष्मेवालीकडे जाते, कारण ती निळ्यांच्या डाव्या चौकोनात आहे. लाल पुन्हा जिंकल्या, २-१; आता लाल जागा बदलतात, बॉबकट उजवीकडून उंच मुलीला सर्व्हिस करते. ही रॅली निळ्या घेतात. २-२. निळ्यांचे गुण २, सम, उजव्या चौकोनात आता उंच मुलगी आहे, म्हणून सर्व्हिस तिची. गॅलरीतून ‘चष्मेवालीची राहिली!’ असा आवाज येतो तो याच क्षणी. पूर्वीसारखी दोघींची पाळी असती तर तो बरोबरच ठरला असता.

म्हणजे नियम एका ओळीत असा: सर्व्हिस करणारी जोडी गुण मिळवते तेव्हाच ती जोडी जागा बदलते, एरवी कोणीच नाही. मनात धरायचं असेल तर सर्व्हिस घेणारीकडे पाहू नका, सर्व्हिस मिळवणाऱ्या जोडीचे गुण पाहा आणि त्या बाजूच्या चौकोनात कोण आहे ते बघा. मुली स्वतःही चुकतात. गुण झाल्यावर सवयीने सरकतात किंवा सरकायच्या राहतात. लक्षात आल्यावर अंपायर जागा दुरुस्त करतो, पण झालेले गुण तसेच राहतात, म्हणून त्यावर भांडून उपयोग नाही.

मध्येच एक गोष्ट, कारण यावरही वाद होतो. दुहेरीत सर्व्हिसचा चौकोन मागच्या बाजूला आखूड असतो, आतल्या रेषेपर्यंतच. त्यामुळे मागच्या पट्टीत पडलेली सर्व्हिस बाहेर, आणि तिथेच पुढच्या फटक्यात पडलेलं शटल मात्र आत. रेषेवर पडलं तर आतच.

आणि २० नंतर? २०-२० झाल्यावर दोन गुणांची आघाडी लागते, २२-२०, २३-२१ असं. हे लांबत राहू नये म्हणून ३० ला आवळलेलं आहे: २९-२९ झाले की पुढची एक रॅली जो जिंकेल त्याचा गेम. कोणत्याही एका खेळाडूचे ११ झाले की मुलांना मिनिटभर थांबायला मिळतं, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं. तिसरा गेम झालाच तर पहिली बाजू ११ वर पोचली की बाजूही बदलतात, म्हणून मध्येच मुलं समोर का गेली हे विचारू नका. पुढच्या गेमची पहिली सर्व्हिस मागचा गेम जिंकलेल्यांची.

शाळेच्या स्पर्धेत कोर्टं कमी आणि मुलं खूप, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत आयोजक कधी एकच गेम ठेवतात, कधी कमी गुणांचे गेम. अशा वेळी बरोबरी झाल्यावर दोन गुणांची आघाडी धरणार की पुढचा एक गुण निर्णायक, हे सामना सुरू होण्याआधी टेबलावर विचारून घ्या. शेवटच्या गुणावर विचारलं की दोन्ही मुलं रॅकेट हातात धरून मोठ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात.